डॉग-लेग जिन्याचा वेस्ट स्लॅब: दर मीटर भार आणि मुख्य सळई

प्रश्न: सर, अमळनेरला एका दुमजली घराचं काम बघतोय. मजला ते मजला ३ मीटर, रायझर १५०, ट्रेड २५०, एका फ्लाइटला ९ ट्रेड, मधलं लँडिंग १ मीटर, दोन्ही टोकांना २३० मिमीचे बीम. वेस्ट स्लॅबचा दर मीटर भार काढताना उताराच्या गुणकाने नेमकं कशाला गुणायचं? माझं मोमेंट एकदा २४ येतं, एकदा ३४. फिटर म्हणतो तीन सुती सहा इंचावर टाका, सगळीकडे तेच असतं. काय धरू?

उत्तर:

२४ बरोबर आहे. ३४ कुठून आलं तेही तुमच्या मापांवरून दिसतं: तुम्ही सगळ्या भारांना १.१६६ ने गुणलंत आणि वर स्पॅनही उतारावरून मोजलात. फिटरची तीन सुती, म्हणजे १० मिमी १५० वर, ताकदीला पुरते पण वाकाला पुरत नाही. आता एकेक बघू.

आधी स्पॅन. तुमच्याकडे एक बीम फ्लाइट जिथून सुटते तिथे, मजल्याच्या पातळीला आहे, आणि दुसरा मधल्या लँडिंगच्या पलीकडच्या टोकाला. फ्लाइट आणि लँडिंग एकाच दिशेने वाकतात, म्हणून आयएस ४५६ दोघांना मिळून एकच स्लॅब धरायला सांगतो आणि स्पॅन बीमच्या मध्यापासून मध्यापर्यंत, आडव्या रेषेत मोजायला लावतो. तो होतो २.२५ + १.० + ०.२३ = ३.४८ मीटर. उतारावरची लांबी इथे कुठेच येत नाही. तेवढं एक नक्की करा की मधल्या लँडिंगच्या टोकाला खरोखर बीम आहे, नुसती भिंत नाही. आपल्याकडे फ्रेम उभी करून मागाहून विटा भरतात. जिना ओततो त्या दिवशी ती भिंत जागेवर नसते, आणि नंतर लँडिंग तिच्यावर टेकवलं तरी त्या भिंतीखाली आधार असेलच असं नाही. दोन कॉलमच्या मध्ये अर्ध्या उंचीवर बीम हवाच. लँडिंग बाजूच्या भिंतींवर आडवं टेकणार असेल तर स्पॅनचा नियम बदलतो, मग हे आकडे तसेच उचलू नका.

आता भार. एकच पट्टा डोळ्यासमोर ठेवा: १ मीटर रुंद आणि जमिनीवर मोजलेला १ मीटर लांब. या आडव्या मीटरवर जे काही वजन उभं आहे ते मोजायचं. प्रत्येक भाराला एकच प्रश्न विचारा, हा भार उतारावर पसरलाय की आडव्यावर?

वेस्ट स्लॅब उतारावर पसरलाय. आडव्या एका मीटरमध्ये त्याची लांबी १ मीटर नसून १.१६६ मीटर भरते, कारण १५० आणि २५० चा कर्ण २९१.५ येतो आणि त्याला २५० ने भागलं की १.१६६. स्लॅबची जाडी १५० मिमी धरू. मग ०.१५ × २५ × १.१६६ = ४.३७ किलोन्यूटन. गुणक इथे लागतो, आणि खालच्या प्लास्टरला लागतो. बस.

पायऱ्या त्रिकोणी आहेत. एका पायरीच्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ रायझर गुणिले ट्रेडच्या निम्मं, आणि तो त्रिकोण एका ट्रेडएवढ्या आडव्या लांबीवर बसलाय. ट्रेड कटतो आणि सरासरी जाडी उरते ती रायझरच्या निम्मी, ७५ मिमी. ०.०७५ × २५ = १.८८ किलोन्यूटन. त्रिकोण आधीच आडव्यावर मोजलाय, त्यामुळे इथे १.१६६ लावला की तेच वजन पुन्हा वाढवल्यासारखं होतं. पायऱ्या मागाहून विटांत बांधणार असाल तर हा आकडा १.५ च्या आसपास येतो. फरक इतका थोडा आहे की मी काँक्रीटचाच धरतो, कारण साइटवर ऐन वेळी बेत बदलतो.

फिनिशमध्ये ट्रेडवरचा २० मिमी ग्रॅनाइट आणि खालचा मसाला मिळून साधारण १.०५. रायझरलाही दगड लागतो आणि तो बरेच जण विसरतात. आडव्या मीटरमध्ये रायझरची एकूण उंची ०.६ मीटर भरते, त्याचे सुमारे ०.५. खालचं प्लास्टर १.१६६ सकट ०.३ च्या आत. सगळं मिळून १.८ धरा. रेलिंग साधं लोखंडी असेल तर यात फार भर पडत नाही. विटांचा कठडा बांधणार असाल तर त्याचं वजन वेगळं काढून त्या कडेच्या पट्ट्यावर टाका, संपूर्ण रुंदीवर पसरवू नका.

चल भार आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागात राहत्या घराच्या जिन्याला दर चौरस मीटर ३ किलोन्यूटन दिलाय, आणि तो आडव्या क्षेत्रफळावर आहे. माणूस ट्रेडवर उभा राहतो, उतारावर नाही, त्यामुळे इथेही १.१६६ नाही. गच्चीवर गव्हाची-दादरची पोती वाहून नेतात म्हणून घाबरायचं कारण नाही, ३ किलोन्यूटन म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर ३०० किलोच्या आसपास वजन, आणि तेही संपूर्ण जिन्यावर एकाच वेळी. मात्र मालकाचा वरचा मजला क्लासला किंवा ऑफिसला भाड्याने द्यायचा विचार असेल तर आत्ताच विचारून घ्या आणि ४ धरा. आपल्या तालुक्याच्या गावांत हा बेत बहुतेक वेळा जिना ओतल्यावर कळतो.

बेरीज: ४.३७ + १.८८ + १.८ + ३ = ११.०५. दीडपट करून १६.६ किलोन्यूटन दर मीटर. लँडिंगवर पायऱ्या नाहीत, उतार नाही आणि रायझरचा दगडही नाही, तिथे ३.७५ + १.३ + ३ = ८.०५, दीडपट १२.१.

मजल्याच्या बीमपासून २.३६५ मीटरपर्यंत १६.६ आणि उरलेल्या १.११५ मीटरवर १२.१ असा भार धरला की मजल्याच्या बीमवरची रिअॅक्शन २८.१ येते आणि लँडिंगच्या बीमवरची २४.७. शिअर शून्य होतो तो २८.१ ÷ १६.६ = १.६९ मीटरवर, आणि तिथलं मोमेंट २८.१ चा वर्ग भागिले दोनदा १६.६, म्हणजे २३.८ किलोन्यूटन-मीटर. घाईत असाल तर सगळीकडे १६.६ धरून डब्ल्यू-एल-स्क्वेअर-बाय-आठ करा, २५.१ येतं, सुरक्षित बाजूला आहे आणि माझी हरकत नाही. २४.७ चा आकडा मात्र फेकू नका, तो लँडिंगच्या बीमच्या डिझाइनला लागतो.

उतारावरून हिशेब करायचाच असेल तर तोही करता येतो, पण मग भार उताराच्या मीटरवर आणायला हवा आणि स्लॅबला लंब असलेला भागच घ्यायला हवा. नीट केलं की फ्लाइटवर उत्तर तेच येतं. चूक होते ती भार आडव्याचा आणि लांबी उताराची अशी सरमिसळ केल्यावर. तुमच्या ३४ मध्ये १.१६६ भारातही आलाय आणि स्पॅनमध्येही, आणि स्पॅनचा तर वर्ग होतो. ३४ वर डिझाइन केलंत तर जिना पडणार नाही, मालकाचे पैसे जातील एवढंच. पण उद्या याच सवयीने एखाद्या भाराला जिथे गुणायचं तिथेच गुणलं नाहीत तर उलटं होईल.

सळईकडे येऊ. एम २० काँक्रीट आणि एफई ५०० धरतो. कव्हर २० मिमी, १२ मिमीची सळई, म्हणून इफेक्टिव्ह डेप्थ १५० − २० − ६ = १२४.

```
Ast = (0.5 fck/fy) [1 - sqrt(1 - 4.6 Mu/(fck b d^2))] b d
4.6 x 23.8e6 / (20 x 1000 x 124^2) = 0.356
Ast = 0.02 x (1 - 0.8025) x 1000 x 124 = 490 mm2
```

दर मीटरला ४९० चौरस मिमी. १० मिमी १५० वर टाकली की ५२३ मिळतात. म्हणून तुमचा फिटर म्हणतो ते ताकदीच्या हिशेबाने खरं आहे, आणि म्हणूनच ते सगळीकडे चालतं असं वाटतं.

अडतं ते वाकात. साध्या टेकूच्या स्लॅबला स्पॅन भागिले डेप्थचं मूळ प्रमाण २० आहे. त्याला गुणायचा आकडा ४५६ मधल्या आलेखातून मिळतो, आणि तो दोन गोष्टींवर ठरतो: सळईचं टक्केवारी प्रमाण, आणि कामाच्या भारात सळईत येणारा ताण. हा ताण ०.५८ गुणिले ५०० गुणिले लागणारी सळई भागिले टाकलेली सळई. १० मिमी १५० वर असताना ताण २७० च्या घरात जातो, प्रमाण ०.४२ टक्के, आलेख सुमारे १.१७ देतो, म्हणजे मर्यादा २३.५. तुमचं प्रत्यक्ष प्रमाण ३४८० ÷ १२५ = २७.८. नापास, आणि चांगल्या फरकाने नापास.

१२ मिमी २०० वर टाकून पाहा, ५६५ मिळतात, मर्यादा २४.४ होते, तरी नापास. १२ मिमी १५० वर टाकली की ७५४ मिळतात, ताण १८८ वर उतरतो, प्रमाण ०.६१ टक्के, गुणक १.४४ च्या आसपास, मर्यादा २८.८. प्रत्यक्ष ३४८० ÷ १२४ = २८.१. पास, पण काठावर. मीटर रुंदीच्या फ्लाइटमध्ये १२ मिमीच्या ७ सळ्या टाकल्या की ७९२ होतात, म्हणून फिटरला अंतर सांगण्यापेक्षा सळ्यांचा आकडा सांगा, फ्लाइटमागे सात.

दुसरा रस्ता म्हणजे स्लॅब १७५ मिमी करा. वजन वाढून मोमेंट २५.३ च्या आसपास जातं, पण डेप्थ १५० होते, लागणारी सळई ४२० वर येते आणि फिटरचीच १० मिमी १५० वर वाकातही आरामात बसते. मला विचाराल तर खेड्याच्या साइटवर मी हाच पर्याय घेतो. काँक्रीट थोडं जास्त जातं, पण काठावर पास झालेला १५० मिमीचा स्लॅब साइटवर १५० राहीलच याची खात्री नसते. तो का राहत नाही ते पुढे सांगतो.

शिअर पाहायचीच गरज पडत नाही इतका कमी आहे, दर चौरस मिमी ०.२ न्यूटनच्या आसपास, आणि एम २० ला एवढ्या सळईवर ०.५ च्या आसपास चालतो. आडवी सळई ०.१२ टक्क्याने १८० चौरस मिमी, ८ मिमी २५० वर पुरते.

खरी जोखीम आकड्यांत नाही, सळई वळवण्यात आहे. पहिली फ्लाइट वर चढून मधल्या लँडिंगला मिळते तो कोपरा घ्या. खालून पाहिलं तर स्लॅबचा तळ चढत येतो आणि तिथे आडवा होतो. फिटर खालची मुख्य सळई त्याच वळणाने वाकवतो, कारण सेंटरिंगवर ती तशीच बसते आणि दिसायला सुबक दिसते. पण ही ताण घेणारी सळई आहे, आणि ताणलेली दोरी जशी सरळ व्हायला बघते तशी ती कोपऱ्यात सरळ व्हायला बघते. सरळ होताना ती खाली, कव्हरच्या दिशेने ढकलते, आणि तिथे तिला अडवायला २० मिमी काँक्रीटशिवाय काही नाही. कोपऱ्यात मोमेंट कमी असेल असं वाटतं, पण हिशेब करा: लँडिंगच्या बीमपासून १.११५ मीटरवर २४.७ × १.११५ वजा १२.१ × १.११५ चा वर्ग भागिले २, उत्तर २०. सर्वात जास्त मोमेंट २३.८, आणि कोपऱ्यातच २०. म्हणजे सळई तिथे जवळजवळ पूर्ण कामात आहे.

म्हणून त्या कोपऱ्यात सळ्यांनी एकमेकींना ओलांडलं पाहिजे. फ्लाइटची खालची सळई वळवू नका, तिच्या उतारात सरळ वर जाऊ द्या. ती लँडिंगच्या वरच्या बाजूला पोचली की तिथे आडवी करा आणि लँडिंगच्या वरच्या थरात पुढे न्या. लँडिंगची खालची सळई वेगळी, ती बीमकडून सरळ येऊन फ्लाइटमध्ये शिरते आणि फ्लाइटच्या वरच्या थरापर्यंत जाऊन उताराला समांतर खाली वळते. दोन्ही सळ्या ओलांडल्यानंतर डेव्हलपमेंट लेंग्थएवढ्या पुढे जायला हव्यात. एफई ५०० आणि एम २० ला ती व्यासाच्या ५७ पट आहे, १२ मिमीला ६८० मिमी. १ मीटरच्या लँडिंगमध्ये ती बसते.

दुसरी फ्लाइट त्याच लँडिंगवरून वर निघते, तो कोपरा उलटा आहे. तिथे तळाची सळई वळवली तर सरळ होण्याचा जोर वर, काँक्रीटच्या आत जातो, त्यामुळे तिथे वळवायला हरकत नाही. वरच्या थरातली सळई मात्र तिथे ओलांडूनच न्यायची, कारण ताण वरच्या थरात आला तर तिचा जोर वरच्या कव्हरवर जातो. फिटरला दोन्ही कोपऱ्यांचे रेखाचित्र कागदावर काढून द्या. तोंडी सांगितलं तर तो दोन्हीकडे एकच वळण करतो, बहुतेक चुकीचं. टेकूंवर वरच्या बाजूला मुख्य सळईच्या निम्मी सळई टाकून ती स्पॅनच्या पावभाग आत न्या. बीममध्ये घट्ट बसलेला स्लॅब पूर्ण साधा टेकू कधीच नसतो, आणि ती नसेल तर पहिल्याच वर्षी बीमच्या कडेला वरून भेग येते.

जुन्या जिन्यात हा कोपरा चुकलाय हे ओळखायचं तर लँडिंगच्या खाली, कोपऱ्याच्या रेषेत पाहा. भिंतीपासून भिंतीपर्यंत सरळ आडवी भेग, तिच्यालगत प्लास्टर सुटलेलं आणि हातोडीने ठोकल्यावर पोकळ आवाज. नुसतं प्लास्टर सुटलं असेल तर ठिकठिकाणी सुटतं, असं कोपऱ्याच्या रेषेत सुटत नाही. असं दिसलं तर आधी खाली ठोकळे-बल्ल्या लावून आधार द्या, मगच प्लास्टर काढा.

आता जाडीचं. कोडमध्ये वेस्ट स्लॅबची जाडी तळाला काटकोनात आहे. सेंटरिंगवाला मात्र पट्टी उभी धरतो, कारण ओळंबा त्याच्या हातात असतो. उभी १५० मोजली तर काटकोनातली जाडी १५० ÷ १.१६६ = १२९ मिमी भरते आणि डेप्थ १०३ वर येते. १२ मिमीच्या सळईने ताकद कशीबशी टिकते, पण स्पॅन भागिले डेप्थ ३४ च्या जवळ जातं. त्यामुळे ड्रॉइंगवर नुसतं १५० लिहू नका, 'उभी १७५' असंही लिहा, कारण १५० × १.१६६ = १७५. तपासणी सोपी आहे: रायझरच्या पाटीची खालची कड आणि मागच्या ट्रेडची पातळी जिथे मिळतात त्या आतल्या कोपऱ्यातून तळाच्या पाट्यापर्यंत गुण्या लावून काटकोनात मोजा. आतला कोपरा म्हणजे स्लॅबची सर्वात पातळ जागा, बाकी सगळीकडे पायरीचं काँक्रीट त्यात मिसळलेलं असतं आणि मोजमाप फसतं. सळईखाली २० मिमीचे कव्हर ब्लॉक उतारावर घसरतात, ते तारेने बांधा. कामगार चढताना सळईवर पाय देऊन ती तळाला टेकवतात किंवा वर उचलतात, म्हणून ओतण्याआधी एकदा आणि अर्धं ओतून झाल्यावर एकदा पाहा.

आणि आपला उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पाणी वाहून जाणाऱ्या उतारावर क्युरिंग फवाऱ्याने होत नाही. दुपारी दोनला मारलेलं पाणी अडीचला सुकलेलं असतं. गोणपाट अंथरून ते पायऱ्यांवर दगडाने दाबून ओलं ठेवा. कोरड्या, उष्ण हवेत ४५६ किमान १० दिवस सांगतो, आणि पीपीसी वापरत असाल तर १४. तुमच्या गावाला बहुधा पीपीसीच मिळेल. खालचे टेकू साध्या सिमेंटला या स्पॅनसाठी ७ दिवसांनी काढता येतात, पण पीपीसीला मी १४ दिवस थांबतो, आणि तोपर्यंत विटांची पालखी त्या जिन्यावरून वर जाऊ देत नाही.